चौदा लिटरचा हिशेब



मागच्या खेपेला पावसाचं पाणी मोजण्याबद्दल लिहिलं होतं. ते वाचून दोघा-तिघांनी विचारलं, पिंपात अर्धवट उरलेलं तेल किंवा डिझेल किती आहे ते कसं काढायचं? उत्तर लिहायला बसलो आणि आमच्या बेळगावच्या सभागृहातली गोष्ट आठवली. एका माणसावर उगाच आळ येता येता राहिला, आणि तो टळला तो टेप, काठी आणि खडूच्या तुकड्यामुळे. म्हणून आज तीच सांगतो.

सभागृहाच्या मागच्या खोलीत आमचा जनरेटर आहे. बाजूलाच डिझेलचं पिंप उभं असतं. दोनशे लिटरचं म्हणतात ते नेहमीचं लोखंडी बॅरल, अंगावर दोन फुगीर कड्या आणि डोक्यावर दोन बुचं. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल नेम नसतो, म्हणून गणपतीच्या आधी पिंपात किती डिझेल आहे ते बघून वहीत लिहायची पद्धत आहे. त्या वर्षी हे काम माझ्या पुतण्याकडे आलं. तो इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याने मोठं बूच काढलं, आत लाकडी काठी टाकली, ओल्या भागाची उंची मोजली, पिंपाची रुंदी टेपने घेतली, मोबाइलवर गुणाकार केला आणि वहीत लिहिलं : १२८ लिटर. खाली तारीख आणि सही.

गणपती पार पडले. जनरेटरला वीस लिटरचे तीन कॅन लागले, म्हणजे ६० लिटर. नंतर पिंपाला बाहेरून गंज दिसायला लागला म्हणून ते रिकामं करून साफ करायचं ठरलं. हातपंपाने उरलेलं डिझेल कॅनमध्ये काढलं. दोन कॅन खुणेपर्यंत भरले, तिसऱ्यात १४ लिटर आलं आणि पंप हवा ओढायला लागला. म्हणजे ५४ लिटर. साठ आणि चोपन्न मिळून ११४. वहीत १२८. मग चौदा लिटर गेलं कुठे?

त्या खोलीची किल्ली राखणदार मामांकडे. बारा-तेराशे रुपयांचं डिझेल. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण संध्याकाळच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला गेल्या. मामा दारातच उभे होते. ते एवढंच म्हणाले, "सर, मी एक थेंब घेतलो नाही. तुम्हीच बघा काय ते."

मी उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढली आहेत. तिथे तेलाची पिंपं रोज मोजावी लागायची. म्हणून मी म्हटलं, "आज काही लिहू नका. उद्या सकाळी आधी मोजणी तपासू, मग माणसं तपासू."

सकाळी पुतण्याला घेऊन गेलो. मामांनाही बोलावलं. त्यांच्यासमोरच मोजायचं, असं मी ठरवलं होतं.

"तू कसं काढलंस ते आधी सांग," मी पुतण्याला म्हटलं.

त्याने व्यवस्थित सांगितलं. उभं पिंप म्हणजे गोल तळाचा सरळ खांब. तळाचं क्षेत्रफळ काढायचं आणि त्याला डिझेलच्या उंचीने गुणायचं. रुंदी, म्हणजे व्यास, ५९ सेंटिमीटर. त्याचा अर्धा २९.५. साडेएकोणतीस गुणिले साडेएकोणतीस गुणिले ३.१४१६ म्हणजे २७३४ चौरस सेंटिमीटर. डिझेलची उंची ४७ सेंटिमीटर. गुणाकार १,२८,४९८ घनसेंटिमीटर. हजार घनसेंटिमीटरचा एक लिटर, म्हणून १२८.

रीत बरोबर होती. गुणाकारही बरोबर. तुम्हाला हेच जरा सोपं करून हवं असेल, तर व्यासाला व्यासाने गुणा, त्याला ०.७८५४ ने गुणा, मग उंचीने गुणा आणि हजाराने भागा. सगळी मापं सेंटिमीटरमध्ये घेतली की उत्तर लिटरमध्ये येतं. चूक या रीतीत नव्हती. चूक त्यात घातलेल्या आकड्यांत होती.

"ही ५९ कुठून घेतलीस?" मी विचारलं.

त्याने टेप पिंपाच्या मधल्या फुगीर कडीवर धरून दाखवली. या कडीवरून, तिथून इथपर्यंत, ५९.

इथेच बहुतेकांची फसगत होते. या कड्या पिंप गडगडवता यावं आणि पत्र्याला बळ यावं म्हणून बाहेर काढलेल्या असतात. डिझेल जवळजवळ सगळं कड्यांच्या मधल्या सरळ भागात असतं, आणि तो भाग कडीपेक्षा आत असतो. वरच्या काठावरून मोजलं तरी तीच गत, कारण काठही बाहेर वळवलेला असतो. शिवाय गोल वस्तूची रुंदी टेप नुसती आडवी धरून नेमकी मिळत नाही. टेप बरोबर मध्यावरून गेली की नाही, ते डोळ्याला कळत नाही.

म्हणून व्यास थेट मोजू नये. घेर मोजावा. दोन कड्यांच्या मधोमध, सरळ भागावर, शिंप्याची टेप पिंपाभोवती घट्ट गुंडाळायची. ती सगळीकडे एकाच उंचीवर आहे ना, तेवढं बघायचं. आम्ही गुंडाळली. घेर आला बरोबर १८० सेंटिमीटर. त्याला ३.१४१६ ने भागलं की बाहेरचा व्यास ५७.३. आता डिझेल पत्र्याच्या आत असतं, म्हणून पत्र्याची जाडी वजा करायची. अशा पिंपाचा पत्रा साधारण एक मिलिमीटरचा असतो. दोन्ही बाजूंचे मिळून दोन मिलिमीटर. आतला व्यास राहिला ५७.१.

पुतण्या म्हणाला, "काका, दोन सेंटिमीटरसुद्धा नाहीत. त्यात काय एवढं?"

हाच आजच्या लेखातला मुख्य मुद्दा आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. उंची गुणाकारात एकदा येते. व्यास दोनदा येतो, कारण व्यासाला व्यासानेच गुणायचं असतं. म्हणून व्यासात जेवढी टक्के चूक, तिच्या जवळजवळ दुप्पट चूक लिटरमध्ये होते. ५९ हे ५७.१ पेक्षा सव्वातीन टक्क्यांहून थोडं जास्त आहे. लिटर मात्र पावणेसात टक्क्यांनी वाढतात. नवीन व्यासाने तळाचं क्षेत्रफळ २५६१ चौरस सेंटिमीटर येतं. म्हणजे दर सेंटिमीटर उंचीला २.५६ लिटर. पुतण्याच्या हिशेबात ते २.७३ झाले होते. एका सेंटिमीटरला हा फरक क्षुल्लक वाटतो, पण ४७ सेंटिमीटरला तो आठ लिटर होतो. १२८ चे १२० झाले. चौदा लिटरपैकी आठ लिटर कधी पिंपात नव्हतेच.

मामा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "मग उरलेलं सहा?"

आता उंचीकडे वळलो. पुतण्याने काठी आत टाकून तळाला टेकवून मोजलं होतं, ते चांगलं केलं. काही जण पिंपावर बाहेरून टकटक करून आवाज बदलतो तिथे खूण करतात आणि जमिनीपासून मोजतात. तसं करू नये, कारण पिंपाचा तळ जमिनीला टेकलेला नसतो. खालच्या काठामुळे तो थोडा वर असतो, आणि ती मधली पोकळी हिशेबात डिझेल म्हणून धरली जाते.

पण दुसरी एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नव्हती. त्या खोलीची फरशी मोरीकडे उतरती आहे. पाणी ओतून धुता यावी म्हणून मुद्दाम तशी केलेली. पिंप त्या उतारावर उभं होतं, म्हणजे किंचित कललेलं होतं. पिंप कललं तरी आतलं डिझेल आपली पातळी आडवीच ठेवतं. म्हणून उताराच्या बाजूला ते खोल असतं आणि वरच्या बाजूला उथळ. आणि बूच काही पिंपाच्या मध्यावर नसतं, ते काठाजवळ असतं. मोठं बूच मोरीकडच्या बाजूला आलं होतं. म्हणजे पुतण्याने नेमकी सगळ्यात खोल जागेजवळची उंची मोजली होती.

यावर उपाय पिंपावरच असतो. मोठ्या, दोन इंची बुचाच्या बरोबर समोर, पलीकडच्या काठाजवळ एक लहान, पाऊण इंची बूच असतं. ते हवा आत यायला ठेवलेलं असतं. दोन्ही भोकांतून उंची मोजायची आणि सरासरी घ्यायची. एका बाजूला जेवढं जास्त, तेवढंच दुसऱ्या बाजूला कमी, म्हणून सरासरी ही पिंपाच्या मध्यावरची उंची होते. तीच खरी. अट एवढीच की तळ सगळीकडे डिझेलने झाकलेला हवा आणि वर डिझेल झाकणाला टेकलेलं नको.

आम्ही पिंप जुन्याच जागी, जुन्याच खुणांवर उभं केलं. गंजाच्या गोल डागामुळे जागा अचूक सापडली. मोठं बूच पूर्वीसारखं मोरीकडे केलं आणि कॅनमधलं ५४ लिटर परत आत ओतलं. काठीला खडू घासला. कोरड्या लाकडावर डिझेलची रेघ नीट दिसत नाही आणि ती वर चढतही जाते. खडू लावला की ओला भाग गडद होतो आणि कड स्वच्छ दिसते. काठी सरळ उभी सोडायची, तळाला टेकली की लगेच काढायची आणि तिथल्या तिथे वाचायची. काठी तिरकी गेली तर उंची जास्त दिसते.

मोठ्या बुचातून २३.६ सेंटिमीटर आलं. लहान बुचातून २१.६. दोन सेंटिमीटरचा फरक! सरासरी २२.६. म्हणजे मोठ्या बुचातून मोजलं की एक सेंटिमीटर जास्त दिसत होतं. गणपतीच्या आधीही तसंच झालं असणार. ४७ ची खरी उंची ४६. एका सेंटिमीटरचे अडीच लिटर गेले. ४६ गुणिले २.५६ म्हणजे ११८ लिटरला थोडं कमी.

१२८ वरून ११८ वर आलो. पण हातात आलेले ११४ होते. अजून जवळजवळ चार लिटर बाकी.

पुतण्या त्या दोन नव्या आकड्यांकडे बघत होता. त्याने मोबाइल काढून २२.६ ला २.५६ ने गुणलं आणि म्हणाला, "काका, हे काहीतरी चुकलंय. ५७.९ येतंय. आपण तर ५४ च ओतलं."

"चुकलं नाही," मी म्हटलं. "तूच सांग, ओतायच्या आधी पिंप खरंच रिकामं होतं का?"

तो पंप घेऊन आला. हातपंपाची नळी तळापर्यंत पोचत नाही. तळाशी गाळ आणि गंजाचा कचरा बसतो, तो ओढला जाऊ नये म्हणून ती मुद्दाम थोडी आखूड ठेवतात. नळीचं तोंड उघडं पडलं की पंप हवा ओढतो आणि आपल्याला वाटतं, पिंप संपलं. त्याखालचं डिझेल तसंच राहतं. आमच्या पिंपात ते मध्यावर दीड सेंटिमीटर होतं. दीड सेंटिमीटर म्हणजे बोटाच्या एका पेरापेक्षाही कमी. पण इतक्या रुंद तळावर तेवढ्याचे ३.८ लिटर होतात.

नुसत्या हिशेबावर विसंबायचं नाही म्हणून आम्ही ५४ लिटर पुन्हा पंपाने काढलं. पंपाने हवा ओढल्यावर मी आणि पुतण्याने पिंप हळूहळू आडवं केलं, आणि मामांनी मोठ्या बुचाखाली पसरट परात धरली. काळपट, गढूळ डिझेल आलं. कॅनमध्ये ओतून मोजलं तर पावणेचार लिटरच्या आसपास भरलं.

मामांनी परात खाली ठेवली, हात पुसले आणि काही न बोलता चहा आणायला गेले. पुतण्याने वही उघडली. १२८ वर एक रेघ मारली, बाजूला ११८ लिहिलं, आणि खाली चूक कुठे झाली ते तीन ओळींत लिहून सही केली. संध्याकाळी ती वही त्यानेच बैठकीत वाचून दाखवली आणि मामांची माफी मागितली. आदल्या संध्याकाळी ज्यांनी मामांकडे बघितलं होतं, त्यांत मीही होतो. म्हणून माझीही माफी त्यात आली.

आता तुमच्या उपयोगाचं. घरच्या शेतावर, कारखान्यात किंवा दुकानात असं पिंप असेल तर दर वेळी गुणाकार करत बसू नका. एक मापकाठी करून ठेवा. तुमच्या पिंपाचा घेर घ्या, आतला व्यास काढा आणि दहा लिटरला किती उंची लागते ते एकदाच काढा. आमच्या पिंपाला ती ३.९ सेंटिमीटर आहे. मग काठीवर खुणा करा. पण एका खुणेवरून पुढची असं मोजत जाऊ नका, कारण प्रत्येक वेळची बारीक चूक साठत जाते. प्रत्येक खूण काठीच्या खालच्या टोकापासूनच मोजा. ५० लिटर १९.५ सेंटिमीटरवर, १०० लिटर ३९ वर, १५० लिटर ५८.६ वर, २०० लिटर ७८.१ वर. पिंप आतून ८५ सेंटिमीटरच्या आसपास उंच असतं, म्हणून दोनशे लिटर भरल्यावरही वर थोडी मोकळी जागा दिसते. ती बघून पिंप कमी भरलंय असं समजू नका. ऊन वाढलं की तेल-डिझेल फुगतं, त्यासाठी ती जागा लागते.

आणखी दोन गोष्टी. ही रीत सरळ भिंतीच्या, उभ्या पिंपालाच लागू पडते. निळी प्लॅस्टिकची पिंपं वर-खाली निमुळती असतात. त्यांना मधल्या सरळ भागापुरतीच ती चालते. तळाच्या निमुळत्या भागासाठी एकदा मोजून पाणी ओता आणि त्याच्या खुणा काठीवर करून घ्या. मात्र त्या पिंपात पुढे डिझेल किंवा तेल ठेवायचं असेल तर पाण्याऐवजी तेच मोजून ओता. आडव्या ठेवलेल्या पिंपाला तर ही रीत अजिबात लावू नका. तिथे अर्ध्या उंचीला अर्धं पिंप एवढंच खरं ठरतं. बाकी उंचीला प्रत्येक सेंटिमीटरचे लिटर वेगळे.

दुसरं, तुमची मापकाठी खरी आहे की नाही ते एकदा तपासा. आधी काठी टाकून वाचा, मग मोजून वीस लिटर बाहेर काढा आणि पुन्हा वाचा. खूण बरोबर वीसने उतरली तर व्यास बरोबर आहे. अठरा-एकोणीसनेच उतरली किंवा एकवीस-बावीस झाली तर घेर पुन्हा मोजा. या तपासणीत तळाशी राहिलेलं डिझेल किंवा पिंपाचा कल आडवा येत नाही, कारण दोन्ही वाचनांत ते सारखंच असतं. व्यास मात्र उघडा पडतो.

आमच्या सभागृहातली काठी आता जनरेटरच्या मागे खिळ्याला टांगलेली असते. शेजारी खडूचा तुकडा. दर महिन्याच्या एक तारखेला मामाच दोन्ही बुचांतून मोजतात आणि वहीत दोन आकडे लिहितात, खाली सरासरी. परवा पुतण्या सुट्टीला आला होता. त्याने सवयीने वही तपासली आणि मला म्हणाला, "काका, मामा अर्धा लिटरसुद्धा सोडत नाहीत."

पुढच्या अंकात भेटू. घरातल्या गॅस सिलिंडरमध्ये किती उरलंय ते वजनावरून कसं काढायचं, ते बघू. तोवर तुमच्याकडे कुठलं पिंप आहे, त्याचा घेर किती आला आणि दहा लिटरला किती सेंटिमीटर लागतात, ते जरूर कळवा.